युनिट हलतंय, नोटीस लिहायची आहे. मसुदा वाचून द्या

पाटीपेन
नमस्कार मंडळी. इथे बहुतेक वेळ वाचनमात्र असतो, पण आज गरज पडली आहे.

मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत एचआरला आहे. नाव सांगत नाही. आमची दोन युनिटं आहेत. भोसरीचं जुनं, तिथे १८६ माणसं कायम. चाकणचं नवं, तिथे २४०. भोसरीच्या जागेचा भाडेकरार संपतो आहे आणि तो वाढवायचा नाही, असं मालकांनी ठरवलं आहे. म्हणजे मशीन शॉप आणि असेंब्ली चाकणला जाणार. स्टोअर आणि क्वालिटी हे विभाग दोन्हीकडे आहेत, ते एक होणार. हिशेब विभागही, पण तो लहान आहे.

साहेबांनी सांगितलं, "एक नोटीस काढ, माणसं घाबरली नाही पाहिजेत." मी हे लिहिलं:

> प्रिय सहकाऱ्यांनो, बदलत्या बाजारपेठेच्या पार्श्वभूमीवर आपल्या कार्यपद्धतीचे सुसूत्रीकरण करण्याचा निर्णय व्यवस्थापनाने घेतला आहे. सध्या कोणाच्याही नोकरीवर परिणाम होणार नाही. काही विभागांतील कर्मचाऱ्यांना शक्यतो चाकण येथे सामावून घेण्यात येईल. पुढील माहिती योग्य वेळी कळविण्यात येईल. कृपया अफवांवर विश्वास ठेवू नये. आपण सर्व एक कुटुंब आहोत.

खरं सांगायचं तर स्टोअर आणि क्वालिटीतल्या भोसरीच्या २० जणांचं काय होणार ते मलाही माहीत नाही. तारीखही नक्की नाही. कसं लिहू?

सेकंड शिफ्ट
मी असल्या नोटिसा फलकावर वाचणाऱ्यांतला आहे, लिहिणाऱ्यांतला नाही. तुमच्या नोटिशीतला एकच शब्द आम्ही वाचणार. "सध्या".

बाकी सगळं पाणी. दुपारच्या जेवणात कोणीतरी म्हणणार, "सध्या नाही म्हणजे मार्चनंतर." संध्याकाळपर्यंत मार्च ही तारीख पक्की होते, आणि ती तुम्ही दिलेलीच नसते.

खडूफळा
'सामावून घेणे' वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे संचमान्यता झाली की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि मग समायोजन होतं. माझं झालं तेव्हा घरापासून ७ किलोमीटरवर असलेली शाळा सुटून ५८ किलोमीटरवरची मिळाली. कागदावर मला सामावूनच घेतलं होतं. तुमच्याकडे पटसंख्येसारखा काही निकष आहे का? संस्थेने रोस्टर तपासून घेतलं आहे का?

पाटीपेन
खडूफळा सर, ही खाजगी कारखान्याची गोष्ट आहे, पटसंख्या नाही. पण 'सामावून' बद्दलचं पटलं. काढतो.

जुनी सही
२७ वर्षं पर्सोनेल खात्यात काढली, तीही याच पट्ट्यात. अशा नोटिसा मी चार वेळा काढल्या आहेत. दोन बऱ्या निघाल्या, दोन अंगाशी आल्या. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाटीपेन, तुमच्या मसुद्यात कर्ता कुठे आहे? 'घेण्यात येईल', 'कळविण्यात येईल'. कोण घेणार, कोण कळवणार? सरकारी मराठीची ही सवय आपल्या हाडात मुरली आहे आणि एरवी तिने काही बिघडत नाही. पण माणूस घाबरलेला असतो तेव्हा त्याला एक नाव हवं असतं, ज्याच्या टेबलासमोर जाऊन उभं राहता येईल. 'स्टोअरचा निर्णय प्लांट हेड घेणार आहेत' या वाक्याने धीर येतो. निर्णय वाईट असला तरी येतो.

दुसरं, 'अफवांवर विश्वास ठेवू नये' हे वाक्य कधीही लिहू नका. ज्याच्या कानावर अफवा आली नव्हती तोही ते वाचून शोधायला निघतो. कुठली अफवा फिरते आहे ते ठाऊक असेल तर तिलाच नाव घेऊन उत्तर द्या.

आणि मुख्य गोष्ट. एका कागदात तीन वेगळ्या जातीच्या गोष्टी असतात. ठरलेल्या, न ठरलेल्या, आणि ठरल्या आहेत पण आज सांगता येत नाहीत अशा. तिसरी जात तुमच्याकडे असेल तर ती 'ठरलेलं नाही' मध्ये ढकलू नका. महिन्याभराने कळतं की साहेबांनी यादी आधीच केली होती, आणि मग पुढची दहा वर्षं तुमच्या सहीला किंमत राहत नाही. तेव्हा आधी साहेबांना विचारा: २० जणांची यादी कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे का?

पाटीपेन
विचारलं. यादी नाही. चाकणच्या स्टोअरमध्ये ९ जण आहेत, भोसरीच्या ११. क्वालिटीत चाकणला १२ आणि इथे ९. एकत्र केल्यावर किती लागतील याचा हिशेब प्लांट हेड करत आहेत. खरंच अजून झालेला नाही.

हरकतीचा मुद्दा
एवढा विचार कशाला? १०० च्या वर कामगार असले की एकालाही काढायला सरकारची परवानगी लागते. तुम्ही १८६ आहात. नोटिशीत बिनधास्त लिहा की कायद्यानेच कोणाला काढता येत नाही. बदलीसाठी २१ दिवसांची नोटीस लावा, विषय संपला.

जुनी सही
हरकतीचा मुद्दा, १०० हा आकडा जुन्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि तिथे तो ३०० झाला आहे. परवानगीची अट फक्त कामगारकपात, ले-ऑफ आणि कारखाना बंद करणं यांना आहे. बदलीला नाही. आणि परवानगी लागते म्हणजे काढता येत नाही असं नव्हे. तुमच्या सल्ल्याप्रमाणे नोटीस लावली असती तर ते चक्क खोटं आश्वासन झालं असतं.

२१ दिवसांचं मात्र बरोबर आहे, फक्त ती वेगळी नोटीस आहे. सेवाशर्तीत बदल करायचा असेल तर ती द्यावी लागते. पाळीच्या वेळा बदलणं त्यात येतं, चालत आलेली सवलत काढून घेणं येतं. भोसरी गेटपर्यंतची फुकट बस वर्षानुवर्षं चालत असेल आणि तुम्ही ती बंद केलीत, तर युनियन तिला सवलत म्हणणार. पाटीपेन, तुमचा हा कागद म्हणजे ती नोटीस नव्हे. तसं त्यात एका ओळीत लिहून टाका, नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल की २१ दिवस याच तारखेपासून मोजा.

हरकतीचा मुद्दा
३०० मान्य. पण मग १८६ आणि २४० मिळून ४२६ होतात. एकत्र केलं की कंपनी स्वतःहून ३०० च्या वर जाते. आता परवानगी लागणारच!

जुनी सही
हा प्रश्न चांगला काढलात. दोन युनिटं एक आस्थापना धरायची की दोन, यावर वकील भांडत बसतात. एक परवाना, एक हजेरीपट, माणसांची आपसात बदली, मालाची ये-जा असं सगळं तपासलं जातं. नोटिशीत हा विषय घेऊच नका. कंपनीच्या वकिलाला लेखी विचारा.

खिडकी नंबर ४
आम्हा बँकवाल्यांना याचा अनुभव आहे. ३० ऑगस्ट २०१९ ला दहा सरकारी बँकांच्या चार करणार असं जाहीर झालं, आणि १ एप्रिल २०२० ला, ऐन लॉकडाऊनमध्ये, झालंही. माझी बँक त्या दहातली एक.

पगार आणि सेवाशर्ती आहेत त्यापेक्षा कमी होणार नाहीत हे लेखी होतं, त्यामुळे त्याची भीती दोन दिवसांत ओसरली. पण माझ्या शाखेसमोर, रस्त्याच्या पलीकडे, दुसऱ्या बँकेची शाखा होती. दोन्हीतली एक जाणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. त्याबद्दल सात महिने एकाही परिपत्रकात चकार शब्द नाही. 'ग्राहकांना अधिक व्यापक सेवा' हे मात्र प्रत्येकात. कोणी एवढंच म्हणालं असतं ना, की अशा जोडशाखांचा निर्णय अमुक कार्यालय अमुक महिन्यात घेईल, तर मी निदान मुलीच्या शाळेचं ठरवलं असतं.

श्टुटगार्टचा शेंगदाणा
इथे जर्मनीत कारखान्यात असला मोठा बदल करायचा तर मालकाला आधी कामगारांच्या निवडून आलेल्या समितीला, म्हणजे बेट्रीब्सराटला, सांगावं लागतं आणि तिच्याशी वाटाघाट करावी लागते. त्यामुळे नोटीस येते तेव्हा समितीच्या लोकांना प्रश्न आधीच माहीत असतात. आपल्याकडे युनियनच्या लोकांना फलकावर वाचूनच कळतं का?

पाटीपेन
आमच्याकडे अंतर्गत युनियन आहे. साहेबांचं म्हणणं, त्यांना आधी सांगितलं तर बातमी फुटेल.

सेकंड शिफ्ट
फुटेल? अहो फुटली आहे. तुमच्याकडे गेल्या महिन्यापासून ओव्हरटाइम वाढलाय का?

पाटीपेन
हो. दर रविवारी. तुम्हाला कसं कळलं?

सेकंड शिफ्ट
लाइन हलवायची तर आधी माल साठवून ठेवावा लागतो ना. लाइन बंद असेल तेवढे दिवस गिऱ्हाइकाला द्यायचं कुठून? ऑर्डर तेवढीच, तरी रविवार भरून काम, आणि तयार माल गाडीत न चढता रॅकवर. आमच्या आधीच्या कंपनीत ऑपरेटरने रॅक मोजून सांगितलं होतं की तीन आठवड्यांची बेगमी झाली, आता हलवणार. एचआरच्या आधी त्याला ठाऊक होतं. तुमची माणसं आंधळी नाहीत.

जुनी सही
सेकंड शिफ्ट यांनी लाख मोलाचं सांगितलं. ओव्हरटाइमचं कारण नोटिशीत घाला. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीचं स्पष्टीकरण मिळालं की न दिसणाऱ्या गोष्टीवरही माणूस थोडा विश्वास ठेवतो.

तारीख का नक्की नाही, याचंही खरं कारण लिहा. तुमचं गिऱ्हाईक गाड्यांची कंपनी असेल तर जागा बदलली की भागाची मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. पीपॅपची फाइल नव्याने, नव्या जागी काढलेले नमुने, बहुधा त्यांचे लोक येऊन पाहणीही. ती मंजुरी तुमच्या हातात नाही. 'योग्य वेळी' या शब्दांऐवजी 'गिऱ्हाइकाची मंजुरी आल्यावर, आणि हलवण्याच्या किमान ३० दिवस आधी सांगून' असं लिहिलंत तर तारीख न देताही माणसाच्या हातात काहीतरी पडतं.

मी अंगाशी आल्या म्हणालो त्यातली एक सांगतो. 'एकाचीही नोकरी जाणार नाही' असं मी मालकाच्या शब्दावर लिहिलं. पाच महिन्यांनी मोठं गिऱ्हाईक गेलं आणि १४ जण कमी करावे लागले. मालकाच्या मनात तेव्हा खोट नव्हती. पण शब्द बेमुदत दिला होता. आश्वासन नेहमी मुदतीचं आणि जेवढं हातात आहे तेवढंच द्यावं. "१५ तारखेला हिशेब जाहीर करू, त्याआधी कोणालाही कमी करणार नाही" हे पाळता येतं.

युनियनला आदल्या दिवशी संध्याकाळी सांगा. सुपरवायझरना त्याच दिवशी सकाळी. त्या २० जणांना फलकावर कागद लागण्याआधी तासभर समोर बसवून सांगा. फलकावर वाचून स्वतःबद्दल कळणं हा अपमान आहे, तो माणूस निवृत्तीपर्यंत विसरत नाही.

पाटीपेन
मंडळी, नवा मसुदा. बोलीभाषेतच लिहिला आहे, साहेबांना जरा खटकला पण चालेल म्हणाले.

> भोसरी युनिटमधील सर्वांना,
>
> भोसरीचं मशीन शॉप आणि असेंब्ली चाकण युनिटला हलवायचं कंपनीने ठरवलं आहे. हा निर्णय पक्का आहे. इथल्या जागेचा भाडेकरार संपतो आहे आणि कंपनी तो वाढवणार नाही. रविवारचा ओव्हरटाइम याच्याच तयारीसाठी आहे. लाइन बंद असेल त्या दिवसांत पुरेल एवढा माल साठवतो आहोत.
>
> मशीन शॉप आणि असेंब्लीतल्या सर्व कायम कामगारांना चाकणला काम आहे. पगार, ग्रेड, कामावर लागल्याची तारीख आणि शिल्लक रजा यांत बदल नाही. कंपनी तीच आहे, त्यामुळे ग्रॅच्युइटीसाठी नोकरी सलग धरली जाईल आणि पीएफचं खातं तेच राहील.
>
> तीन गोष्टी अजून ठरलेल्या नाहीत.
>
> हलवण्याची तारीख. गिऱ्हाइकाची मंजुरी आल्याशिवाय ती ठरत नाही. मंजुरी आली की किमान ३० दिवस आधी सांगू.
>
> स्टोअर आणि क्वालिटी. हे विभाग दोन्हीकडे आहेत. एकत्र केल्यावर सगळ्यांच्या जागा राहतील असं आज आम्ही म्हणू शकत नाही. प्लांट हेड हा हिशेब करत आहेत आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला तो त्या विभागांना स्वतः सांगतील. तोवर कोणालाही कमी केलं जाणार नाही.
>
> बस आणि पाळीच्या वेळा. यावर युनियनशी बोलणी या आठवड्यात सुरू होतील. हा कागद म्हणजे सेवाशर्ती बदलण्याची नोटीस नाही.
>
> दर गुरुवारी दुपारी ३ ला, दोन्ही पाळ्या हजर असताना, कँटीनमध्ये मी असेन. नवीन काही नसलं तर 'नवीन काही नाही' हे सांगायला असेन.

खिडकी नंबर ४
'आज आम्ही म्हणू शकत नाही' हे वाक्य साहेबांनी राहू दिलं?

पाटीपेन
दोनदा खोडलं, दोनदा परत घातलं. त्यांचं म्हणणं, ते वाचून त्या २० जणांतली चांगली माणसं आधी सोडून जातील.

जुनी सही
साहेबांची भीती खोटी नाही. एक-दोन जातीलही. पण ती माणसं 'सध्या' वाचूनही गेलीच असती, आणि जाताना चार जणांना सांगून गेली असती.

एक राहिलं. कामगारकपातीत शेवटी आलेला आधी जातो हा नियम आहे, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांची सरासरी मजुरी भरपाई म्हणून द्यावी लागते. भोसरीच्या स्टोअरमधली माणसं जुनी, चाकणची नवी. ज्येष्ठतेची यादी एकत्र केली तर चाकणचे जातील, वेगळी ठेवली तर भोसरीचे. त्या ११ जणांचा खरा प्रश्न हाच असणार आणि पहिल्या गुरुवारी तुम्हाला तो विचारणार. उत्तर नसेल तर कोणाकडे आहे ते तरी घेऊन जा. आणि हो, चाकणच्या ९ जणांना हा कागद मिळतोय ना? नुसता 'भोसरी युनिटमधील सर्वांना' आहे तो.

पाटीपेन
अरे देवा. चाकणचं डोक्यातच आलं नव्हतं. दोन्हीकडे लावतो.

हरकतीचा मुद्दा
भरपाईबरोबर आता नव्या संहितेत रीस्किलिंग फंडही आहे, आणखी १५ दिवसांचा पगार. तोही लिहा.

सेकंड शिफ्ट
पहिल्याच कागदावर भरपाईचा आकडा लिहिलात तर आम्ही समजू की तिकीट काढून झालंय.

पाटीपेन
(पंधरा दिवसांनी) वृत्तांत देतो.

बुधवारी संध्याकाळी युनियनला सांगितलं. सरचिटणीस म्हणाले, "आम्हाला दिवाळीपासून माहिती आहे, तुम्ही कधी सांगताय ते बघत होतो." सुपरवायझरना गुरुवारी सकाळी सांगितलं. मग त्या २० जणांना सांगितलं, आणि त्याच वेळी चाकणला प्लांट हेडनी तिथल्या २१ जणांना. नोटीस सकाळी ११ वाजता लागली.

दुपारी कँटीन भरलं होतं. मला वाटलं पहिला प्रश्न नोकरीचा येईल. पहिला प्रश्न बसचा आला. दिघी आणि आळंदी रोडच्या बायका दुसऱ्या पाळीला आहेत. रात्री साडेअकराला चाकणहून सुटून मोशीच्या ट्रॅफिकमधून घरी पोचायला किती वाजणार, आणि गल्लीच्या तोंडाशी सोडणार की हायवेला? मी म्हणालो, ठरलेलं नाही, अ‍ॅडमिनचे अमुक साहेब बघतात, पुढच्या गुरुवारी त्यांना घेऊन येतो. आणलंही. दोन थांब्यांवर अजून वाद चालू आहे.

ज्येष्ठतेच्या यादीचा प्रश्न आलाच. मी सांगितलं की वकिलाचं मत मागवलं आहे. स्टोअरच्या एका जुन्या माणसाने विचारलं, "तुमचं मत काय?" मी गप्प राहिलो. ते बरोबर केलं की नाही, मला कळत नाही.

क्वालिटीतला एक मुलगा राजीनामा देऊन गेला. साहेबांनी मला बोलावून नुसतं बघितलं.

जुनी सही
मत न दिलंत ते ठीक. पण 'माझं मत आहे, पण निर्णय माझा नाही, म्हणून सांगत नाही' असं म्हणता आलं असतं. गप्प बसण्याचा अर्थ लोक आपल्या मनाने लावतात.

सेकंड शिफ्ट
एक विचारू? नोटिशीत 'सर्व कायम कामगारांना' असं आहे. तुमच्याकडे ठेकेदाराची किती माणसं आहेत?

पाटीपेन
भोसरीत साठेक. तीही कँटीनमध्ये होती, मागे उभी. सभा संपल्यावर त्यांतला एक जण नोटीस हातात घेऊन आला आणि त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, या कागदात आम्ही कुठे आहोत?"

खडूफळा
मग?

पाटीपेन
ठेकेदाराचा करार ३१ मार्चला संपतो. पुढे तोच ठेकेदार चाकणला आणायचा का, हे साहेबांना लेखी विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही. उद्या गुरुवार आहे.